तळघरातली भेग

घरखरेदीच्या सह्या दुपारी दोनला व्हायच्या होत्या. त्याआधी घर एकदा शेवटचं पाहून घ्यायचं, म्हणून रोझलिन टकॅच सकाळची शाळेची फेरी संपवून थेट ॲक्रन शहरातल्या त्या घरापाशी आली. चोपन्न वर्षांची ही बाई बावीस वर्षं शाळेची बस चालवत होती आणि जन्मभर भाड्याच्या घरात राहिली होती. पहाटे साडेचारला उठल्यामुळे तिचे डोळे जड झाले होते.

तिची दलाल मार्व्हा दारात थांबली होती. "अगं, चेहरा बघ तुझा. घर घेतेयस की तेराव्याला आलीयस?"

"झोप झाली नाही. चल, उरकू."

दोघींनी एकेक गोष्ट तपासली. सगळे नळ सोडले, संडासात पाणी ओतलं, शेगडी पेटवून पाहिली, हीटर वाढवून गरम हवा येते का पाहिलं. मालकाने दुरुस्त करायचं कबूल केलेला जिन्याचा कठडा आता हलत नव्हता. मालक एमिल स्ट्रान्स्की, ऐंशी उलटलेला विधुर, मागच्याच आठवड्यात मुलीकडे राहायला गेला होता. घर रिकामं झालं होतं.

शेवटी तळघर. महिन्याभरापूर्वी घर तपासणारा माणूस आला, तेव्हा मागच्या भिंतीला छतापर्यंत मांडणी होती, खोक्यांनी गच्च भरलेली. 'ही भिंत दिसू शकली नाही,' असं त्याने अहवालात लिहिलं होतं. आता मांडणी गेली होती. भिंत पांढरीशुभ्र होती, पण फक्त मधला पट्टा, आणि त्याला नव्या रंगाचा वास येत होता.

रोझलिनने सहज हात फिरवला. कंबरेच्या जरा वर, विटांच्या दोन थरांमधून, बोटाला एक आडवी भेग लागली. नखाएवढीच. पण खालच्या थरापेक्षा वरचा थर किंचित पुढे आला होता.

"मार्व्हा, तो कोपऱ्यातला झाडू दे."

दांडा सरळ होता. तिने तो भिंतीला उभा टेकवला. मध्यावर तो चिकटला आणि वर-खाली दोन्हीकडे बोट जाईल एवढी फट राहिली.

मार्व्हाने फटीत बोट घालून पाहिलं. मग म्हणाली, "बाहेरच्या ओल्या मातीने भिंत आत ढकललीय. सही केलीस की ती तुझी."

"दोनला सही आहे. माझं भाड्याचं घर परवा सोडायचंय. खोकी बांधून तयार आहेत."

"ठाऊक आहे गं."

रोझलिन पायरीवर बसली. तिला रडू आलं नाही, नुसतं बसून राहावंसं वाटलं. मग म्हणाली, "सांग त्यांना. आज नाही."

मार्व्हाने दुपारच्या आत कर्ज देणाऱ्याला आणि कागदपत्रांच्या कचेरीला कळवलं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला. दोन दिवसांनी त्याने दीड इंच फुगवटा मोजला. पोलादी खांब लावल्याशिवाय भिंत टिकायची नाही, असं लिहून दिलं. ते वाचून कर्ज देणाऱ्यानेही सांगितलं, आधी दुरुस्ती, मग कर्ज.

मालकाच्या मुलीचा, जनीनचा, फोन मार्व्हाला आला. रोझलिनलाही ऐकू यावं म्हणून मार्व्हाने फोन स्पीकरवर टाकला.

"एका भेगेसाठी मागे फिरताय? मग विसार परत मिळायचा नाही. माहीत असलेले दोष लिहायच्या फॉर्मवर तळघरासमोर आम्ही 'नाही' लिहिलंय."

"मग तो रंग कोणी दिला?" रोझलिनने विचारलं.

फोनवर मागून म्हाताऱ्याचा थकलेला आवाज आला. "जनीन, फोन दे इकडे."

"बाबा, तुम्ही नका बोलू."

"माझं घर आहे, मी बोलणार. बाई, भेग मला बारा वर्षांपासून माहीत आहे. मांडणी मीच उभी केली, ती दिसू नये म्हणून. फॉर्म पोरीने भरला, पण खाली सही माझी आहे. रंगही मीच द्यायला लावला."

"दुरुस्त करून देणार का?"

"त्याला पैसे घराच्या विक्रीतूनच यायचे, आणि विक्री थांबलीय. माझ्याच्याने होणार नाही. तुमचा विसार परत घ्या. मी लिहून देतो."

रोझलिनला त्याचा राग यायला हवा होता. तो आला, पण फार टिकला नाही. "ठीक आहे, स्ट्रान्स्की साहेब," एवढंच ती म्हणाली.

करार रद्द झाल्याच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या आणि आठवड्याने विसार परत आला. रोझलिनच्या घरमालकाने महिन्या-महिन्याच्या बोलीवर राहू दिलं, भाडं थोडं वाढवून. नवे खांब लावायचे पैसे जनीनने शेवटी भावाकडून उभे केले, असं मार्व्हाकडून कळलं. घर पुन्हा विक्रीला लागलं, या वेळी फॉर्मवर खरं लिहून.

"बघायचंय का परत?" मार्व्हाने विचारलं.

रोझलिन बसच्या दारात उभी राहून कॉफी पीत होती. तिने उरलेली कॉफी संपवली.

"पुढच्या शनिवारी," ती म्हणाली. "इंजिनिअरलाही घेऊन ये. आणि आधी मला झोपू दे."