गुडघ्याचं तेल

जोबेदा खालाच्या हातचं बटाट्याचं भरीत खाल्लेला माणूस दुसऱ्या हॉटेलात जाऊन भरीत मागत नसे. आमच्या हिलसाइड अॅव्हेन्यूवर बंगाल्यांची अकरा हॉटेलं आहेत, आणि आमचं सोडून बाकी दहाच्या दहा मालकांनी कधी ना कधी तिला फोडायचा प्रयत्न केलेला. ती गेली नाही. 'मधुमती'च्या तोफज्जल भाईंनी तिला हॉटेलखालच्या तळघरात एक खोली दिली होती. पलंग, एक खिडकी, खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसायचे. सुनेनं घराबाहेर काढलेल्या बाईला तेवढंही खूप होतं. नोकरी म्हणजेच खोली आणि खोली म्हणजेच नोकरी, हे तिलाही माहीत होतं आणि मालकांना तर जास्तच.

मी तिथे गल्ल्यावर बसायचे. मी पारुल. मला इंग्रजी येतं, खालाला येत नव्हतं. तिकडे देशात नेत्रकोणा जिल्ह्यातल्या गावची ती, शाळेचं तोंड न पाहिलेली. भाजीवाल्याशी, पोस्टमनशी, दवाखान्यात, सगळीकडे तिचं तोंड मीच.

भरताचा जीव म्हणजे राईचं कच्चं तेल. नाकातून डोक्यात जाणारं, डोळ्यांत पाणी काढणारं. त्या झणक्याला आम्ही झांज म्हणतो. ते तेल या देशात बाटलीत मिळतं, आणि बाटलीवर छापलेलं असतं, 'फक्त बाहेरून लावण्यासाठी'. दुकानदार ती बाटली साबणाशेजारी ठेवत नाही, तांदळाशेजारी ठेवतो. घेणारा लेबल वाचत नाही, विकणारा डोळा मारतो. आमच्या लोकांना कुणी विचारलं तर हसून सांगतात, "आम्ही बाहेरूनच लावतो, भाताच्या बाहेरून!"

घरी कोण काय खातं ते सरकार बघायला येत नाही. हॉटेलचं तसं नसतं. तपासणीस येतो, गुण देतो, मग खिडकीत 'ए'ची पाटी लागते. 'बी' लागली की लग्नाच्या ऑर्डरी शेजारच्या हॉटेलात जातात. म्हणून तोफज्जल भाईंनी एक रीत बसवली होती. तेलाचं खोकं हॉटेलच्या कोठारात नाही, खालाच्या खोलीत, पलंगाखाली. चुलीजवळ एकच बाटली. तपासणीस दारात दिसला की मी आत ओरडायचे, "खाला, नमाजाची वेळ झाली!" खाला बाटली उचलून मागच्या बोळात जायची, जिथे आमचे कोट टांगलेले असत, आणि स्टुलावर बसून साडी गुडघ्यापर्यंत घेऊन तेल चोळत बसायची. तपासणिसानं बघितलं तर मी सांगायचं, म्हातारीचे गुडघे दुखतात, तिची स्वतःची बाटली आहे.

सहा वर्षांत चार वेळा हे नाटक झालं. पाहुणा गेला की खाला पदरानं पाय पुसत म्हणायची, "या वयात परपुरुषाला गुडघे दाखवायला लागतात. तोफज्जल, जहन्नुममध्ये माझ्याआधी तुझा नंबर." आणि आम्ही पोट धरून हसायचो. मीही हसायचे. आज आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

चौथ्या वेळचा तपासणीस बरा होता, निवृत्तीला आलेला. त्याची नजर फसली नव्हती. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्हा लोकांना आम्ही वेडे वाटतो ना?" मग त्यानं सांगितलं. राईच्या तेलात एरुसिक नावाचं आम्ल असतं, जवळजवळ निम्मं. उंदरांना भरपूर खायला घातलं तेव्हा त्यांच्या हृदयाच्या स्नायूंत चरबी साठली. माणसांत तसंच होतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही, पण होत नाही असंही नाही. म्हणून इथे ते खाण्याचं तेल म्हणून विकायला मनाई. "आणि दुसरी गोष्ट," तो म्हणाला, "बाटलीवर बाहेरून लावायचं लिहिलं की ते खाण्याच्या नियमांनी तपासलेलं नसतं. आत काय मिसळलंय त्याची हमी कुणाकडे?" कमी एरुसिकवाल्या राईचं, खाण्याचं म्हणूनच विकलं जाणारं तेलही मिळतं, नाहीतर साधं कॅनोला आहेच, राईच्याच गोतातलं, त्यातून ते आम्ल जवळजवळ काढून टाकलेलं.

मी हे सगळं खालाला सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. तिचा नवरा पन्नाशीत छाती धरून गेला होता.

"म्हणजे झांज त्या विषात नसते?" तिनं विचारलं.

"नाही म्हणाला. झांज वेगळी. त्या आम्लाला वासच नसतो."

दुसऱ्या दिवशी खालानं राई हिरव्या मिरचीबरोबर पाणी घालून वाटली, दहा मिनिटं झाकून ठेवली, आणि ते वाटण कॅनोलात कालवून भरतात घातलं. चुलीवर नाही, कच्चंच. शिजवलं की झांज मरते. मी घास घेतला आणि माझे डोळे भरले. गिऱ्हाइकांनाही कळलं नाही. तीन दिवस तिनं तसंच वाढलं आणि मग मालकांना अभिमानानं सांगायला गेली.

तोफज्जल भाई म्हणाले, "राई वाटायला माणूस कोण देणार? आणि लोक बाटली बघून येतात, खाला. पिवळी बाटली दिसली नाही तर म्हणतील तोफज्जल चिक्कू झाला. तू भरीत कर, डॉक्टरकी करू नकोस."

खालानं मान खाली घातली. पलंगाखालचं खोकं तिथेच राहिलं.

मग हारून मुन्शींचं झालं. औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेला माणूस, दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर आमच्याकडे जेवायचा आणि खालाला ओरडून सांगायचा, "आज हात आखडलास काय? तेल घाल!" त्या शुक्रवारी भात कालवता कालवता तो ताटावरच कोसळला. अँब्युलन्स आली. त्याचा मुलगा धावत आला, इथेच जन्मलेला, वकिली शिकणारा. बापाला नेत असताना त्यानं चुलीजवळची बाटली पाहिली आणि लेबल वाचलं. आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात ते लेबल वाचणारा पहिला माणूस तोच असावा. त्यानं फोटो काढला.

मंगळवारी एक तपासणीस बाई आल्या. मागच्या दारानं आल्या, मला ओरडायला सवड मिळाली नाही. बाटली चुलीजवळ, झाकण उघडं, शेजारी परातीत वांग्याचं भरीत तेलानं चमकत होतं. आणि खाला, काय करावं न सुचून, सवयीनं बाटली उचलून बोळात गेली आणि स्टुलावर बसून गुडघ्याला तेल चोळायला लागली. बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग हात पुढे करून बाटली मागून घेतली.

"हे कुणाचं?" बाईंनी विचारलं.

मला वाटलं, मालक आता गुण जातील म्हणून रडतील, गयावया करतील. तोफज्जल भाईंनी कपाळावर हात मारला.

"या अल्ला! मॅडम, मी हिला किती वेळा सांगितलं. हे हिच्या गुडघ्याचं तेल आहे, हिचं स्वतःचं. म्हातारी आहे, डोकं फिरलंय, तेच जेवणात घालते. मला माहीत नव्हतं. तळघरात हिची खोली बघा, खोकंच्या खोकं सापडेल."

खोकं सापडलं. पलंगाखाली, तिच्या चपलांशेजारी.

खालाला शब्द कळत नव्हते, पण मालकाचं बोट तिच्याकडे वळलेलं तिला दिसत होतं. बाई म्हणाल्या, मला तिच्या तोंडून ऐकायचंय. त्यांनी फोनवरचा दुभाषा लावायला फोन काढला, तेवढ्यात तोफज्जल भाई म्हणाले, "कशाला त्रास? आमची पारुल आहे ना." आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच महिन्यात माझ्या नवऱ्याला तोफज्जल भाईंनी डिलिव्हरीच्या गाडीवर ठेवलं होतं.  

बाईंनी विचारलं, "हे तेल कोण आणतं? तुम्हाला जेवणात घालायला कुणी सांगितलं?"

मी खालाला अगदी नीट, खरंखुरं विचारलं.

खाला म्हणाली, "सांग तिला पोरी. तेल मालक आणतो, सहा वर्षं आणतोय. खोलीत ठेव म्हणाला म्हणून ठेवलं. गुडघ्याचं नाटक त्यानंच शिकवलं. मी राई वाटून दुसरं तेल करून दाखवलं होतं, तेही सांग. मी कुणाच्या पोटात विष घालणारी बाई नाही. हे आधी सांग."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "ती म्हणते, तेल तिचंच आहे. गावाकडे असंच करतात म्हणून घातलं. मालकांना ठाऊक नव्हतं. चूक झाली म्हणते."

बाईंनी लिहून घेतलं. मग सगळ्या बाटल्या मोरीवर आणवल्या आणि ओतून वर ब्लीच टाकायला लावलं. ओतायला खालालाच लावलं मालकांनी. तेरा बाटल्या. शेवटच्या बाटलीला ती मला म्हणाली, "बाईचा चेहरा नरमला बघ. पटलं तिला." मी हो म्हणाले.

हारून मुन्शींच्या तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. चाळीस वर्षांच्या सिगारेटी. डॉक्टरनं मुलाला स्पष्ट सांगितलं, एका जेवणानं असं होत नाही. पण तोवर मोहल्ल्यात बातमी पसरली होती. मधुमतीची म्हातारी पायाला चोळलेलं तेल लोकांना खाऊ घालायची! जे घरोघर तेच तेल भातावर ओततात, ते थुंकत होते. बाकीच्या दहाही हॉटेलांत मी तिच्यासाठी विचारलं. एका मालकानं नाक दाबून मला दाखवलं आणि त्याचा स्वयंपाकी हसला.

चूक एकट्या स्वयंपाकिणीची धरली गेली, खिडकीत 'ए' राहिली. शेजारी तोफज्जल भाईंनी नवी पाटी लावली, 'आमच्याकडे फक्त खाण्याचंच तेल'. आता राई मी वाटते. पाणी घालून, दहा मिनिटं झाकून, कॅनोलात कालवून. गल्ल्यावर त्यांची भाची बसते आणि माझा पगार वाढलाय. मुन्शी बरे होऊन परत आले तेव्हा दोन वाट्या भरीत खाऊन म्हणाले, वा, हात बसलाय तुझा.

खालाला खोली सोडायला शुक्रवारपर्यंत मुदत होती. सुनेनं घेतलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, ब्राँक्समधल्या एका म्हातारीकडे ती राहायला निघाली, जिला रात्रंदिवस उचलायला कुणीतरी हवं होतं. मी तिची बॅग बसपर्यंत नेली. थंडी होती. तिनं हातमोजे काढले आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"तोफज्जल म्हणाला, ती बाई मला पोलिसात देणार होती," खाला म्हणाली. "म्हणाला, पारुलनं तुझी बाजू मांडली म्हणून वाचलीस. सगळं सांगितलंस ना तिला, मी सांगितलं तसं?"

"हो खाला," मी म्हणाले.

"पोटची पोरसुद्धा एवढं करत नाही," ती म्हणाली, आणि माझं कपाळ चुंबून बसमध्ये चढली.