रावजीने ठेवलेला नारळ

रावजी शिपाई वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि भित्र्या माणसाच्या हातून जे पाप होतं ते वाईट माणसाला सुचतसुद्धा नाही, असं माझं मत आहे.

बोर्ली पंचतनच्या खालच्या अंगाला, बंदरावरच्या नाक्यावर तो शिपाई होता. गाव आत भातशेतीत, म्हणून कोळीवाड्यात भागुबाईकडे खोली घेऊन राही. भागुबाई विधवा, सुकी मासळी विकणारी. खोली तिच्या मुलाची, अनंताची. तो मुंबईला गोदीत कामाला होता. त्यामुळे खोली देतानाच ती म्हणाली होती, अनंता आला की त्याच दिवशी मोकळी करायची. रावजीने मान डोलावली होती.

दिवाळीनंतर रावजीला म्हसळ्याच्या कचेरीत हंगामी पाठवलं आणि त्याच्या जागी नाक्यावर शिवदास नावाचा शिपाई आला. शिवदासला राहायला जागा हवी होती, रावजीला परत आल्यावर हीच खोली हवी होती. समुद्राचा वारा आणि दोन पावलांवर नाका, अशी दुसरी जागा कुठे मिळणार? तो भागुबाईकडे परवानगी मागायला गेला. भाडं मीच देईन, शिवदास नुसता राहील, सोवळा माणूस आहे, दारू नाही, बिडी नाही, असं सगळं सांगितलं. ती तयार झाली. तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण शिवदासच कायमचा चिकटला तर, या भीतीने त्याने तिच्याकडून शब्द मागितला की मी परत येईपर्यंत खोली दुसऱ्या कुणालाही द्यायची नाही.

"आन् अनंता आला त?" तिने विचारलं.

"अनंता कशाला येतो, मावशे? पगार चालू हाय त्याचा."

आमच्या किनाऱ्यावर शब्द घेतला की देवापुढे नारळ ठेवतात आणि शब्द पुरा झाला की फोडतात. त्याआधी सोडवायचा झाला तर ज्याने ठेवला त्यानेच सोडवायचा. रावजीने नारळ ठेवला. तिने हात जोडले.

माघात अनंता आला, तोही लग्न करून. मुंबईची हवा बायकोला मानवत नव्हती. गोदी सोडून चुलत्याच्या होडीवर जायचं त्याने ठरवलं होतं. घरात ती एक खोली, बाकी चूल आणि मासळीच्या टोपल्या. शिवदास सामान बांधायला लागला, तर भागुबाईने त्याला थांबवलं. म्हसळ्याच्या बाजाराला जाणाऱ्या बायजेबरोबर तिने रावजीला निरोप धाडला की अनंता आलाय, नारळ सोडव.

रावजीने निरोप ऐकला. नुसतं हो म्हणायचं होतं, त्याला काही उठून यायचंही नव्हतं. पण त्याला वाटलं, एकदा सोडली की खोली गेलीच. तो बायजेला म्हणाला, होळीला येतोच आहे, तेव्हा बघू.

अनंता बायकोला घेऊन ओट्यावर निजला. थंडीत ती खोकायला लागली. चार दिवसांनी तो आईला म्हणाला, "तुला परका शिपाई चालतो, पोरगा न्हाय चालत," आणि बायकोला घेऊन निघून गेला. भागुबाईने नारळाचं सांगून पाहिलं, पण मुंबईत राहिलेल्या माणसाला नारळाची काय मातब्बरी? त्याला भाड्याचा लोभच दिसला.

होळीला रावजी आला, तेव्हा वाड्यातलं कुणी त्याच्याशी बोललं नाही. बायजेने तेवढं झालेलं सांगितलं. तो खाली मान घालून भागुबाईच्या दारात उभा राहिला. तिने देवापुढचा नारळ आणून त्याच्या हातात दिला.

"तू ठेवलास, तूच फोड."

त्याने फोडला. आतलं पाणी आटून गेलं होतं. तिने खोबरं काढलं, एक तुकडा त्याला, एक शिवदासला दिला, आणि सवयीने तिसरा अनंताचा म्हणून बाजूला ठेवला. रावजीने हातातला तुकडा खाली ठेवला.

"मावशे, माझंच चुकलं. आजच खोली सोडतो. मुंबईला जाऊन त्याला घेऊन येतो."

"मी वाड्यातल्या दादूला मुंबईला धाडला होता. गोदीत तो न्हाय, खोलीवर न्हाय. कुठं हाय, कुनाला ठावं न्हाय." ती टोपली उचलता उचलता म्हणाली, "सोडू नकोस. रिकामी खोली मला बघवायची न्हाय."

ती शिव्या देईल म्हणून तो तयारी करून आला होता. राहा म्हणेल याची त्याने तयारी केली नव्हती.

शिवदास त्याच आठवड्यात दुसरीकडे गेला. रावजी तिथेच राहिला, पेन्शन होईपर्यंत. महिन्याच्या महिन्याला भाडं देई, पावसाच्या आधी कौलं शाकारी, खोली झाडून ठेवी. पण निजायला, थंडीतसुद्धा, ओट्यावर येई. आणि वाटेवर कुणाची पावलं वाजली की भागुबाई आतून विचारी, "रावजी, कोन हाय रं?"

"कुनी न्हाय, मावशे," रावजी सांगे.