इंग्रजी न बघता केलेलं इंग्रजी

मला संशय फार. आमचे हे म्हणतात, हिला सत्यनारायणाच्या शिऱ्यातही खडा सापडेल. म्हणू देत. भाषांतर करणाऱ्या बाईला संशय नसेल तर तिनं सरळ पापड लाटावेत, त्यात तरी चार लोकांचं भलं होईल. नगरला सावेडीतल्या घराच्या मागच्या खोलीत बसून मी आजवर औषधांच्या चिठ्ठ्यांपासून बँकांच्या अटींपर्यंत काय काय इकडून तिकडे केलंय. पण एका हॉटेलच्या नियमावलीनं मला जेवढा ताप दिला, तेवढा कुणी दिला नाही. त्या कागदावर सोनईच्या एका बाईची नोकरी टांगलेली होती, आणि काम सुरू केलं तेव्हा मला त्यातलं काहीएक ठाऊक नव्हतं.

ठाऊक नसणं हेच माझं काम होतं. हॉटेलवाल्यांचे नियम मुळात इंग्रजीत लिहिलेले असतात. कुणीतरी ते मराठीत आणतं. ते बरोबर आणलेत की नाही हे पुण्यामुंबईच्या साहेबांना कसं कळावं? मग तोच मराठी मजकूर दुसऱ्या माणसाला देतात आणि सांगतात, याचं परत इंग्रजी कर. मूळ इंग्रजी मात्र त्याला दाखवायचं नाही. दाखवलं की संपलं! माणूस नकळत मूळच्याच शब्दांकडे सरकतो, चुकीच्या वाक्यालाही सांभाळून घेतो. तिसरा कुणीतरी मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघतो, फरक कुठे पडतोय. हे उलट भाषांतर माझ्याकडे आलं होतं. पुण्याच्या एजन्सीतली मुलगी काम वाटून देते, तिनं फोनवर बजावलं, “मॅडम, मूळ इंग्रजी कुठूनही मिळालं तरी बघायचं नाही हं.”

“अगं बाई, मला शिकवतेस?” मी म्हटलं.

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. हॉटेलचे मॅनेजर. शिंगणापूरला जाणाऱ्या भाविकांवर चालणारं ते हॉटेल मोठ्या कंपनीनं घेतल्यापासून तेच तिथे बघत होते. आवाज असा गोड की कानाला मुंग्या लागाव्यात. “मॅडम, तुम्हाला त्रास नको म्हणून मूळ इंग्रजी व्हॉट्सॲपवर पाठवतो. नुसतं बघून लिहायचं. लवकर मोकळ्या व्हाल.”

“माझा नंबर कुणी दिला तुम्हाला?”

“आपल्या नगरमध्ये हे काम करणारे आहेत किती, मॅडम! ज्यांनी मराठी करून दिलं, त्यांनीच सांगितलं की इथं तुमच्याशिवाय कुणी नाही.”

मी फोन ठेवला आणि त्यांचा नंबर ब्लॉक करून टाकला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझे कष्ट वाचवायला हा माणूस कशाला एवढा उतावीळ? कुठंतरी पाणी मुरत होतं. आणि ते मराठी करणारं पोर, एजन्सीचंच, कॉलेज सोडून नुकतंच या धंद्यात आलेलं, तेही याच्याशी मिळालेलं असणार, अशी मी मनाशी गाठच मारली. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं असेल, आता उघडं पडायची भीती, म्हणून मॅनेजरला पुढं घातलं. माझं डोकं असंच चालतं.

फाइल उघडली तर मराठी चांगलं होतं. चादरी कधी बदलायच्या, पाहुणा खोलीत असताना दार कसं वाजवायचं, सगळं सरळ, वाचणाऱ्या बाईला समजेल असं. माझा विरसच झाला म्हणा ना. आणि मग ते कलम आलं. खोलीत पाहुण्याची वस्तू सापडल्यास हातातील काम सोडून ती ताबडतोब मॅनेजरकडे जमा करावी. तसे न केल्यास चोरी समजून कामावरून कमी करण्यात येईल. मी थबकले. बाकीचा कागद माणसाशी बोलत होता आणि हे एवढंच वाक्य पोलीस चौकीतून आल्यासारखं. हात शिवशिवत होता, इंग्रजीत ते जरा सौम्य करावं, मूळ इतकं कडक नसणार. पण तसं केलं तर मग मी कशाला? जे आहे ते, चोरीसकट, तसंच इंग्रजीत उतरवलं आणि पाठवून दिलं.

तुलना एजन्सीतल्या मुलीनंच केली. बरेच फरक निघाले, पण त्यातले बहुतेक निरुपद्रवी. एकच गोष्ट दोन तऱ्हेनं सांगितलेली. एका ठिकाणी माझीच घाई नडली होती, ते मी कबूल केलं. एका ठिकाणी मूळ इंग्रजीच गुळमुळीत होतं, त्यामुळे मराठी करणाऱ्याला काहीतरी एक धरावं लागलं होतं. लोकांना वाटतं फरक म्हणजे भाषांतर चुकलं. छे! फरक नुसता बोट दाखवतो. त्या बोटापुढं कोण उभं आहे ते आपण जाऊन बघायचं असतं.

सापडलेल्या वस्तूच्या कलमाशी मात्र ती मुलगी रडवेली झाली. “मॅडम, मूळ इंग्रजीत असं काहीच नाहीये. वस्तू पिशवीत घालायची, खोलीचा नंबर लिहायचा आणि शिफ्ट संपायच्या आत जमा करायची. मधेच खोल्या उघड्या टाकून खाली जायचं नाही. उशीर झाला तर आधी कर्मचाऱ्याचं म्हणणं ऐकायचं. चोरी हा शब्दच नाही!”

“त्या पोराला विचार,” मी म्हटलं. मनातल्या मनात तर मी त्याला कधीच फासावर दिला होता.

पोरानं त्या वेळी एजन्सीला दिलेली फाइल तेवढी परत पाठवली. ती एजन्सीकडे होतीच, कुणी उघडून बघितली नव्हती. त्यात ते कलम इंग्रजीबरहुकूम होतं. शिफ्ट संपायच्या आत, पिशवी, नंबर, म्हणणं ऐकून घेणं, सगळं. म्हणजे भाषांतर चोख झालं होतं आणि हॉटेलात पोचल्यावर कुणीतरी त्यात हात घातला होता. मॅनेजरला त्यानं माझं नाव सांगितलं ते निव्वळ भोळेपणानं. बिचारा! आणि मी त्याला काय काय समजून बसले होते.

मग पुण्याहून खरी हकिगत कळली. हॉटेलातल्या खोल्या आवरणाऱ्या एका मावशींना चादरीच्या घडीत सोन्याचं कानातलं सापडलं होतं. त्यांनी शिफ्ट सुटताना ते काउंटरवर दिलं. तोवर पाहुणीनं खाली आकांत मांडलेला. मॅनेजरनं मावशींना घरी बसवलं आणि वर सुनावलं, नियमात लिहिलंय, तुझी सही आहे. मावशींनी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला फोन लावला, की आम्हाला असा नियम कुणी सांगितलाच नाही. ऑफिसनं हॉटेलकडून सहीचा कागद मागवला आणि तोच, नाव न सांगता, माझ्याकडे आला. माझं इंग्रजी मूळ इंग्रजीशी जुळलं असतं, म्हणजे मी ते बघून लिहिलं असतं, तर तो सहीचा कागदच बरोबर ठरला असता आणि मावशी चोर. फोनवरच्या त्या गोडव्याचं कारण एवढंच.

पण एवढ्यावर भागलं नाही. मॅनेजर म्हणू लागले, बदल मी आधीच केला होता, शिस्तीसाठी, सगळ्यांना सांगूनच. आता हे खरं की खोटं? पुण्याच्या ऑफिसातल्या बाई स्वतः यायच्या ठरल्या आणि एजन्सीनं मला सांगितलं, तुम्ही जवळच आहात, जाऊन कागद वाचणाऱ्यांनाच विचारा. हाही आमच्या कामाचा भागच. ज्याच्यासाठी लिहिलंय त्याला, तुझ्या शब्दांत सांग बाई तुला काय कळलं, असं विचारायचं.

हॉटेलच्या जेवणघरात, मॅनेजरना बाहेर ठेवून, मी खोल्या आवरणाऱ्या बायकांना एकेकीला बोलावलं. कागद दाखवला नाही, नुसतं विचारलं, काही सापडलं तर काय करायचं? प्रत्येकीनं आपापल्या तऱ्हेनं जुनाच नियम सांगितला. चोरीचं नाव कुणी काढलं नाही. नवा नियम एकीलाही ठाऊक नव्हता.

शेवटी मावशी आल्या. सोनईहून बसनं आलेल्या, इस्त्रीची साडी, तोंड घट्ट मिटलेलं. मी विचारलं तशा उसळल्याच.

“परीक्षा घेताय व्हय माजी? चोर म्हनून झालं, आता अडानी म्हना!”

“तसं नाही हो मावशी. कागद बरोबर आहे का ते मला बघायचंय. तुम्ही नाही चुकलात.”

“मंग कागदालाच इचारा की! पिशवीत घालायचं, नंबर टाकायचा, सुटताना द्यायचं. काम टाकून खाली गेलं तर खोल्या कोन राखील? आमाला असंच सांगितलं हुतं.” आणि मग आवाज खाली आला. “बाई, गावात लई बोलत्यात. सून समोरून बोलत न्हाई, पन घरातलं कपाट आता कुलपात असतंय.”

आजवर मी कागदांवर संशय घेत आले, माणसांवरही घेत आले, पण संशयाचं कुलूप कुणाच्या घरात कसं लागतं ते बघायला मला त्या टेबलाशी बसावं लागलं.

पुण्याच्या बाईंनी मॅनेजरना आत बोलावलं. दोन्ही मराठी कागद समोर ठेवले. सहीचं पान जुनंच होतं, आतलं पान तेवढं नंतर छापून घातलेलं, छापाचं अक्षरसुद्धा वेगळं. मॅनेजर आधी पाहुण्यांच्या तक्रारींवर बोलले, मग शिस्तीवर, मग प्रिंटरवर. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या दिवशी समोर बसून पाहिलं. मावशींना कामावर परत घ्यायचं ठरलं आणि मॅनेजरचं काय करायचं ते पुण्याला जाऊन ठरणार होतं.

खरा नियम पुन्हा छापून आला. सगळ्यांच्या नव्यानं सह्या घ्यायच्या होत्या. मॅनेजरनी कागद मावशींपुढं सरकवला, पेन पुढं केलं, नजर टेबलावर.

मावशींनी कागद उचलला, सावकाश वाचला आणि परत त्यांच्यापुढं ठेवला.

“साहेब, आता तुमी वाचा. मंग कागद पालथा घाला अन् तुमच्या तोंडानं सांगा, यात काय लिवलंय ते. हितं, समद्यांच्या म्होरं.”

मॅनेजरनी पुण्याच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझंच काम मावशी करत होत्या.

मॅनेजरनी वाचलं, कागद पालथा घातला. वस्तू पिशवीत घालायची. नंबर लिहायचा. सुटताना द्यायची.

“अन् फुडं?”

“उशीर झाला तर...” मॅनेजर म्हणाले, “आधी तिचं म्हणणं ऐकून घ्यायचं.”

“कुनाचं?”

“तुमचं, मावशी.”

मग मावशींनी पेन उचललं.