आडवी वीट

लटारू मिस्त्रीला मी पहिल्यांदा पाहिलं ते विटांशी भांडताना. पोंभुर्ण्याला सोसायटीचं धानाचं गोदाम बांधायचं होतं आणि मी त्या सोसायटीचा सेक्रेटरी. आधी चार वर्षं शाळेत शिकवलं म्हणून सगळे मास्तरच म्हणत. साल छपन्न, माघाची थंडी. बैलबंडीतून उतरवलेल्या विटांचा ढीग समोर, आणि हा किडकिडीत, काळाभोर माणूस भट्टीवाल्याच्या सात पिढ्या उद्धारतोय, कारण जंगलातल्या रस्त्यानं येता येता चौथा हिस्सा विटा फुटल्या होत्या. "अद्धेच धाडले माझ्याकडं! अद्ध्यांची भिंत बांधू का मी?" अर्ध्या विटेला गवंडी अद्धा म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच्या शेजारी त्याची बायको शकुबाई शांतपणे विटा निवडत होती. दोन हातांत दोन विटा घ्यायची, एकमेकींवर ठोकायची आणि नुसत्या आवाजावरून बाजूला करायची. खणखणली तर पक्की, बद्द वाजली तर कच्ची. अद्धा तर तिला डोक्यावरच्या पाटीच्या वजनावरूनच समजे. वीस वर्षं ती नवऱ्याच्या हाताखाली रेजा, म्हणजे विटा-चुना वाहून देणारी मजूर होती. तिनं दिलेली वीट लटारू न बघता लावायचा. हात मागे करायचा, वीट हातात यायची, वीट थरावर बसायची.

तिसरा गडी कोलू, शकुबाईचा धाकटा भाऊ. याला लटारूनंच घरी ठेवून गवंडीकाम शिकवलेलं. पोराबाळांच्या बाबतीत लटारूचा संसार रिकामाच राहिला होता, त्यामुळे सगळा जीव या मेव्हण्यावर. स्वतःची जुनी थापीसुद्धा त्याला देऊन टाकलेली.

आता भिंतीविषयी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. वीट भिंतीच्या लांबीला धरून ठेवली की तिची कूस दिसते. तिला साहेब लोक स्ट्रेचर म्हणायचे. तीच वीट भिंतीच्या जाडीत आरपार घातली की फक्त तोंड दिसतं, ती हेडर. लटारूला ही नावं येत होती, त्यानं जुन्या गोऱ्या ओव्हरसिअरच्या हाताखाली काम केलं होतं. पण तो म्हणायचा 'लांब' आणि 'आडवी'. एक थर सगळा लांब, त्यावरचा थर सगळा आडवा, याला इंग्लिश बाँड. एकाच थरात एक लांब, एक आडवी, एक लांब, एक आडवी, याला फ्लेमिश.

"दोन्हीत एकच कायदा, मास्तर," तो मला म्हणाला होता. "सांध्यावर सांधा नाई याले पायजे. वरची वीट खालच्या दोघींच्या खांद्यावर बसली पायजे, मंग एकीचा भार दोघींवर, दोघींचा तिघींवर. सांधा सरळ खाली उतरला तं भिंत नाई ते, विटांच्या चळती होत."

म्हणून कोपऱ्यापाशी तो एक वीट उभी चिरून अरुंद करून घालायचा. तेवढ्यानं पुढचा प्रत्येक सांधा पाव विटेनं सरकायचा. मी विचारलं, हे बाहेरून दिसणारं झालं, पण भिंतीच्या पोटात? तेव्हा तो खूश झाला. नऊ इंची भिंतीत लांब विटांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून असतात. त्यांच्या मधला सांधा कोण मोडणार? आडवी वीट. ती दोन्ही रांगांवरून आरपार जाते आणि दोघींना धरून ठेवते.

गोदामाला इंग्लिशच घालू, असं लटारूचं म्हणणं होतं. धानाची पोती भिंतीला रेलणार, जितक्या आडव्या जास्त तितकं बरं. पण आमचे अध्यक्ष गुणवंतराव, माजी मालगुजार, म्हणजे गावाचे जमीनदार. मालगुजारी गेली पण मिशा राहिल्या होत्या. त्यांना वनखात्याच्या बंगल्यासारखी नक्षीदार भिंत हवी होती. "फ्लेमिश म्हणजे फ्लेमिश!" लटारू म्हणाला, बरं जी, आडव्या खऱ्या असल्या तं तेही उभी राह्यते. आणि कामाला लागला.

मागची भिंत कमरेएवढी आली असताना वनखात्याचा निरोप आला. मोहर्लीच्या बंगल्याची धुराडी दुरुस्त करायची होती. आठ दिवस लटारू तिकडे गेला आणि भिंत कोलूवर सोपवली. परत आला तेव्हा भिंत छातीपर्यंत आलेली, वरच्या थरावर पुढच्यासाठी चुना पसरलेला. त्यानं ओळंबा लावला, सरळ. बाहेरून पाहिलं, आतून पाहिलं. एक लांब, एक आडवी, कुठे चूक नाही. कोलूच्या पाठीवर थाप मारून तो मला म्हणाला, "मास्तर, आता मी मेलो तरी चालते."

मला तेव्हा भरून आलं होतं. आज राग येतो.

नोव्हेंबरात आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. हंगामाचं धान आलं, गोदाम छतापर्यंत भरलं, आणि जानेवारीत मागची भिंत बाहेरून फुगली. मधोमध पोट आल्यासारखी. आतून पाहावं तर फारसं काही दिसेना. गुणवंतरावांनी गावभर बोंब ठोकली, मिस्त्रीनं गंडवलं.

लटारू आला. भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, पाया दबला असेल, चुना कमी मुरला असेल, पण बांधणीत खोट नाही. अध्यक्ष हसले. तेवढं हसणं पुरे झालं. लटारूनं पोती काढायला लावली, छताच्या वाशांना टेके दिले, छिन्नी-हातोडा घेतला आणि जमलेल्या पंचवीस-तीस माणसांसमोर उभा राहिला.

"मी आडवी काढून दाखवतो. नऊ इंच निघन. नाई निघाली तं या गावात पुन्हा थापी धरणार नाई."

फुगलेल्या जागची एक आडवी वीट त्यानं निवडली, भोवतीचा चुना कोरला. वीट सहज हलली. फारच सहज. त्यानं ओढली आणि ती हातात आली, साडेचार इंचाची. अद्धा. मागच्या भोकात आतल्या अद्ध्याचं तुटकं तोंड दिसत होतं आणि दोघांच्या मध्ये बोट जाईल एवढी फट.

त्यानं दुसरी काढली. अद्धा. तिसरी, पाचवी. कमरेपासून छातीपर्यंत सगळे अद्धे. बाहेरून एक अद्धा, आतून एक अद्धा, दोन्हीकडून नक्षी अगदी बरोबर. मधला सांधा मात्र थरामागून थर सरळ वर चढलेला. म्हणजे ती नऊ इंचाची एक भिंत नव्हतीच. साडेचार-साडेचार इंचाचे दोन पापुद्रे शेजारी शेजारी उभे होते. पोत्यांनी आतल्याला ढकललं, आतल्यानं बाहेरच्याला, आणि बाहेरच्याला धरायला कोणी नव्हतं. मग त्यानं कमरेखालची एक काढली, छातीवरची एक काढली. दोन्ही अख्ख्या, नऊ इंची. त्याच्या स्वतःच्या हातच्या.

ते आठ दिवस भिंतीवर रेघ ओढल्यासारखे दिसत होते.

"कोलू," तो म्हणाला. आवाज अगदी हळू होता. "हे काऊन केलं?"

कोलू पुढे आला. मला वाटलं पाय धरेल. तो अध्यक्षांकडे बघून बोलला, "मले मिस्त्रीनंच सांगतलं होतं जी. अद्धे लई पडले हायत, वापरून टाक म्हणे. मी तं त्याइच्या हुकुमाचा."

लटारूनं त्याला मारलं नाही. तो बायकोकडे वळला. त्या आठ दिवसांत या भिंतीवर दोघंच होती, लावणारा कोलू आणि पुरवणारी शकुबाई. प्रत्येक अद्धा तिच्या डोक्यावरून वर गेला होता.

"शकू, तू सांग. मी असं म्हटलं होतं का?"

तिनं पदर ओढून घेतला. खाली बघत म्हणाली, "मी ओझं वाहते जी. विटीतलं मले काय समजते?"

विटेतलं तिला काय समजतं! मी तिथेच होतो. ही बाई आवाजावरून वीट ओळखते, एवढं एक वाक्य बोलायला माझी जीभ उचलली नाही. अध्यक्ष माझे मालक होते आणि त्यांना गुन्हेगार सापडला होता. लटारूनं एकदा माझ्याकडेही बघितलं. मी भिंतीकडे बघत राहिलो. या गोष्टीत दगा देणारे मोजायला बसलात तर मला वगळू नका.

फुटक्या विटा भिंतीत गेल्या, मग वाचलेल्या अख्ख्या कुठे गेल्या, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. लटारूनं दोन दिवसांनी शोधलं. सासुरवाडीला गेला. सासूची कुडाची झोपडी होती तिथे आता विटांचं दोन खणी घर उभं होतं. त्यानं ते मला स्वतः सांगितलं, गोदामाच्या पायरीवर बसून, माझ्याकडे न बघता.

"इंग्लिश बाँड, मास्तर. एक थर लांब, एक थर आडवा. दाराच्या बाजूले भिंत अजून अर्धी होती, वरून पाह्यलं. अख्ख्या आडव्या. एक अद्धा नाई. कोपऱ्यावर चिरलेली वीटसुद्धा घातली होती, मी शिकवलं तशी."

शिकला नव्हता असं नाही, हेच त्याला सहन होत नव्हतं. कोलूला सगळं येत होतं. खरी भिंत कशी बांधतात ते त्यानं आपल्या आईसाठी करून दाखवलं होतं.

सासुरवाडीहून आला त्या रात्री त्यानं शकुबाईला विचारलं, हेही त्यानंच सांगितलं, तुला ठाऊक होतं ना? ती म्हणाली, होय. आईची झोपडी दर पावसाळ्यात पडत होती, कोलूनं पाय धरले होते. मग त्या दिवशी सगळ्यांसमोर? ती म्हणाली, खरं बोलले असते तर भावाला पोलिसांनी नेलं असतं. लटारूनं विचारलं, "अन् मी?" ती रडली, तो रडला नाही.

गावात कोलूचंच खरं ठरलं, वनखात्याचं पुढचं काम त्यालाच मिळालं. लटारूनं फुगलेली भिंत उतरवली आणि ते देणं फेडायला पुन्हा बांधली. या गावात शेवटची, म्हणून पायापासून इंग्लिश बाँडमध्ये. अध्यक्षांना नक्षी बिघडल्याचं दुःख झालं, होऊ दे. दुसरी रेजा ठेवायची त्याची ऐपत नव्हती, किंवा शकुबाईनंच ऐकलं नाही, मला माहीत नाही. तीच पाट्या वाहत होती.

मी रोज जाऊन बसायचो. माफी मागायची होती, मागता आली नाही. काम पूर्वीसारखंच चालायचं, फक्त सावकाश. लटारू हात मागे करायचा, शकुबाई वीट द्यायची. तो ती डोळ्यांसमोर धरायचा, उलटी करून दुसरं टोक बघायचा, थापीनं ठोकून आवाज ऐकायचा आणि मग लावायचा. प्रत्येक वीट. आणि ती पुढची वीट हातात धरून, त्याचं बघून होईपर्यंत मान खाली घालून उभी राहायची.