बारा फुटांत अठरा ब्लॉक

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पण चाळीस वर्षं फरशी, ब्लॉक आणि कडेचे दगड बसवले. तलासरीपासून बोर्डीपर्यंत माझ्या हातच्या कितीतरी अंगणांवरून आजही गाड्या फिरतात.

माझी नात डहाणूला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कामाला. घर बांधायच्या आधीच ती कॉम्प्युटरवर त्याचं चित्र करते, अगदी फोटोसारखं. बोर्डीच्या एका वाडीवाल्याचा बंगला होता. फाटकापासून दारापर्यंत ब्लॉक बसवलेला गाडीचा रस्ता, बाजूला खडी. मालकाने चित्र दोनदा परत पाठवलं. म्हणे, घर छान आहे, जमीन खोटी वाटते. काय खोटं ते त्याला सांगता येईना. ऑफिसातल्या सरांनी नातीला बजावलं, सोमवारी दहाला तिसरं चित्र. तेही परत आलं तर पुढची चित्रं मुंबईहून करून घेऊ.

रविवारी ती लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसली होती. मी मागून बघितलं.

"फाटक किती फुटी?"

"बारा. आजा, तू चहा पी ना."

"ब्लॉक आठ इंची ना? मग रस्त्यात आडवे अठरा बसायला पाहिजेत. हे नऊच आहेत. आणि सांध्यात माझी करंगळी जाईल. सांधा काडेपेटीच्या काडीएवढा, तोही वाळूने भरलेला."

तिने पडद्याला बोट लावून मोजलं. नऊच. ब्लॉकचा जो फोटो तिने जमिनीवर पसरला होता, तो एक मीटर जागेचा होता आणि तिने तो दोन मीटरवर ताणला होता. म्हणून ब्लॉक दुप्पट, सांधाही दुप्पट आणि बंगला खेळण्यातला.

मग मला राहवेना. वळणावरचे कडेचे दगड केळ्यासारखे वाकले होते. "दगड वाकतो का गं? वळणावर फुटाफुटाचे सरळ तुकडे लावायचे, बाहेरच्या अंगाला सांधा जरा उघडतो." खडी तर भिंतीसारखी उभी दिसत होती. तिने वरून काढलेला खडीचा फोटो तसाच चिकटवला होता. जवळचा खडा आणि लांबचा खडा एकाच मापाचे.

"चाळीस वर्षं हेच बघत होतास होय?" ती म्हणाली.

"तू कॉलेजात काय बघत होतीस?"

संध्याकाळपर्यंत तिने सगळं नीट केलं. खडी जमिनीवर आडवी पसरली, तसे लांबचे खडे आपोआप बारीक झाले. तोच डाग पडलेला ब्लॉक दर मीटरला येत होता, तोही तिने बदलला. भांडण झालं ते शेवटच्या गोष्टीवरून. चित्र फाटकातून बघितल्यासारखं होतं, आणि लांब दाराजवळचे सांधे दिसतच नव्हते.

"तिथे काय सिमेंट ओतलंय? माझा प्रत्येक सांधा भरलेला असतो. दिसला पाहिजे."

"लांबून दिसत नाही आजा. जबरदस्तीने दाखवला तर जाळी होते."

तिने करून दाखवलं. दाराजवळ खरंच मच्छरदाणी पसरल्यासारखं झालं. तरी मी म्हटलं, हेच पाठव. मान्य करायला जीभ वळेना.

"मालक हसेल."

"हसू दे. त्याने कधी ब्लॉक बसवलाय?"

तिने दोन्ही चित्रं ठेवली आणि रात्रीच्या जेवणाला बसली.

सकाळी ती डहाणूच्या जीपने गेली. मी गावच्या शाळेकडे निघालो. तिथलं पटांगण माझ्या हातचं. फाटकाशी उभा राहिलो आणि समोर बघितलं. पायाशी एकेक सांधा मोजता येत होता. पुढे रेघा जवळजवळ आल्या, फिकट झाल्या, आणि पायऱ्यांपाशी नुसता राखाडी पट्टा. माझी नजर अधू असेल म्हणून तरण्या शिपायाला विचारलं. तोही म्हणाला, "नाही दिसत बाबा." मी चालत गेलो. पायऱ्यांपाशी प्रत्येक सांधा जागच्या जागी होता, वाळूने भरलेला. म्हणजे मी चोख काम केलं होतं, आणि पोरीचंही खरं होतं.

दहाला वेळ होता. फोन लावला.

"पोरी, तुझं चित्र पाठव. लांबचे सांधे नकोत."

ती हसली. "तुझं पाठवणार होते होय? माझंच काल पाठवलं. मालकाचा आत्ता फोन आला, काम सुरू करा म्हणाला."

"मग मला रात्री सांगितलं का नाहीस?"

"तू जेवला असतास का?"

मी फोन खिशात टाकला. पायरीजवळचा एक ब्लॉक खाली बसला होता. शिपायाकडून पहार आणि घमेलंभर वाळू मागून घेतली आणि तो ब्लॉक उचलून पुन्हा पातळीत बसवला.