नवव्या मजल्याचा नकाशा

अॅडव्होकेट मुकुंद रसाळ यांनी नाशिकच्या कोर्टाजवळच्या ऑफिसात बसून पस्तीस वर्षं जमिनीचे आणि फ्लॅटचे कागद तपासले. वाद चालवण्याची त्यांना कधीच हौस नव्हती. आवाज चढवणं अंगात नव्हतं, सात-बारा आणि फेरफार वाचणं मात्र होतं. टाइपिंग आणि बाकीचं सगळं सांभाळणाऱ्या सुनंदा बोडके त्यांच्याकडे अठरा वर्षं होत्या. साहेबांच्या रिपोर्टचा साचा त्यांना तोंडपाठ होता.

एका सोमवारी सकाळी सुनंदाबाईंनी एक ईमेल छापून समोर ठेवला.

"आयर्लंडहून आलाय. कोणी दीपाली गांगुर्डे. तिथे नर्स आहे. पाथर्डी फाट्याच्या 'शिल्पवेध'मध्ये दहाव्या मजल्यावर फ्लॅट घ्यायचाय. यादी केलीय हो, शाळेच्या बाई करतात तशी."

रसाळ हसले आणि चष्मा लावून वाचू लागले. यादी चोख होती. जमिनीचा तीस वर्षांचा शोध हवा. जमीनमालक आणि बिल्डर यांच्यातला विकसन करार नोंदलेला आहे का? प्रकल्प कुठे गहाण आहे का, असल्यास कर्ज देणाऱ्याचं ना-हरकत पत्र मिळेल का? करारात क्षेत्रफळ कार्पेटचंच लिहिलंय ना? ताब्याची तारीख महारेराच्या नोंदीशी जुळते का? करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मी देणार नाही, हे बिल्डरला तुम्हीच सांगा. मुखत्यारपत्र मी भावाच्या नावाने, फक्त या एका करारावर सही करून तो नोंदवण्यापुरतं देईन. बिल्डरच्या माणसाच्या नावाने देणार नाही. इथल्या वकिलातीत सही करून पाठवलं, की तिकडे किती दिवसांत मुद्रांक भरावा लागतो?

"तीन महिन्यांत," रसाळ स्वतःशीच म्हणाले. मुलगी हुशार होती. त्यांना बरं वाटलं.

मग अकरावा मुद्दा आला. 'माझ्या मजल्याला आज मंजुरी आहे, की तो फक्त प्रस्तावित आहे? मंजूर नकाशा तुम्ही स्वतः पाहिला आहे का, आणि कोणत्या तारखेला? तुमचं नाव पुंडलिक आहेर काकांनी दिलं. त्यांनी याच इमारतीत नवव्या मजल्यावर घेतलाय. त्यांचा रिपोर्ट मला पाठवला, त्यात तुम्ही "मंजूर नकाशा पाहिला" असं लिहिलंय. म्हणजे हे तुम्हाला लगेच सांगता येईल.'

रसाळांनी कागद खाली ठेवला.

"आहेरांची फाइल काढा."

फाइल आली. मागच्या वर्षीची. तिसऱ्या पानावर ते वाक्य होतं, सहीच्या अगदी वर. ते वाक्य त्यांच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये असायचं. दुय्यम निबंधकांकडचा शोध ते मनापासून करत. नकाशाचं मात्र बिल्डरच्या ऑफिसातून येणाऱ्या जाड फोल्डरवर भागवायचं. त्यात बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचं पहिलं पान असे, शिक्का असे, तेवढं पुरे. गावातले बहुतेक वकील असंच करत. कोणी विचारत नसे.

"साइटवर बघा जरा. महारेराच्या."

सुनंदाबाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "मंजूर मजले सात, प्रस्तावित मजले बारा. प्रमाणपत्रही पूर्ण आहे इथे, दुसऱ्या पानासकट. तळमजला अधिक सात." त्या साहेबांकडे वळल्या. "उघड्यावरच होतं हो साहेब."

"हो."

"रिपोर्टातलं ते वाक्य मीच टाइप केलं होतं."

"तुम्ही टाइप केलंत. सही माझी आहे."

दुपारी ते महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन बसले. ओळखीच्या अभियंत्याने फाइल उघडून मंजूर नकाशा दाखवला, तो सात मजल्यांचाच होता. वरच्या मजल्यांसाठी लागणारा वाढीव चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क, घेण्याचा प्रस्ताव होता, मंजूर नव्हता. परत येताना त्यांनी बिल्डरच्या व्यवस्थापकाला फोन केला.

"अहो वकीलसाहेब, दोन-तीन महिन्यांत होऊन जाईल. सध्या सहाव्या स्लॅबवर आहोत, तोवर हातात येईल. 'मंजुरी प्रक्रियेत' असं लिहा की, मॅडम तिकडे लांब बसल्यात."

"मला सांगितलं नव्हतंत."

"तुम्ही विचारलं नव्हतंत," व्यवस्थापक सहज म्हणाला. त्यात त्याला काही लागट बोलायचंही नव्हतं.

ऑफिसात येऊन त्यांनी दीपालीला उत्तर लिहायला घेतलं. दहावा मजला मंजूर नाही, घेऊ नये. एवढं लिहून भागलं असतं. ती फसण्यातून वाचली असती, रसाळांचं नाव उलट वाढलं असतं. सुनंदाबाई बाजूला उभ्या होत्या.

"आणि आहेर?" त्यांनी विचारलं.

"तेच बघतोय."

"बघताय की टाळताय?"

अठरा वर्षांत त्या पहिल्यांदाच असं बोलल्या. रसाळांनी कॉम्प्युटर तसाच सोडला, फाइल काखेत मारली आणि रिक्षा पकडली.

आहेर नाशिकरोडला, प्रेसच्या जुन्या वसाहतीजवळ भाड्याने राहत. नोटा छापण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. फंडाची रक्कम आणि गावचा वाटा विकून आलेले पैसे त्यांनी त्या फ्लॅटमध्ये घातले होते. करार नोंदवून झाला होता, चार हप्ते गेले होते. दारातच म्हणाले, "या वकीलसाहेब. गांगुर्डेंच्या पोरीला तुमचंच नाव दिलंय बरं का. म्हटलं, रसाळ म्हणजे डोळे मिटून सही करावी."

रसाळ बसले नाहीत. "आहेर, तुमच्या रिपोर्टात मी नकाशा पाहिला असं लिहिलंय. मी तो पाहिला नव्हता. नवव्या मजल्याला मंजुरीच नाही."

आतून काकू बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"मग लिहिलंत कसं?" आहेरांनी विचारलं. रागाने नाही, समजून घ्यायचं म्हणून.

"सवयीने. प्रत्येक रिपोर्टात लिहितो."

आहेर खुर्चीवर टेकले. "मी एकतीस वर्षं प्रेसमध्ये तपासणीला होतो. एकेक ताव. डोळ्यांतून पाणी यायचं. न बघता एक ताव पुढे सरकवला नाही कधी. शेजारचा सरकवायचा, त्याला आम्ही काय म्हणायचो ते तुम्हाला सांगत नाही. घरात बाई आहे."

रसाळांची मान खाली गेली. पुढचं त्यांनी खालीच बघून सांगितलं. मंजुरी कदाचित येईल, कदाचित नाही. मंजूर म्हणून विकलंय, तेव्हा व्यवहारातून बाहेर पडून व्याजासह पैसे मागण्याचा हक्क आहे. महारेराकडे तक्रार करता येईल. मी फी घेणार नाही.

"तुमची फी नकोच आम्हाला," काकू म्हणाल्या. "वकील दुसरा बघू."

"बरोबर आहे," रसाळ म्हणाले.

आहेरांनी टेबलाच्या खणातून रेघांचा कागद आणि पेन काढून समोर ठेवलं. "आत्ता बोललात ते लिहून द्या. नकाशा न बघता लिहिलं, हेही. खाली तारीख."

ते पत्र नव्या वकिलाच्या हाती पडणार, आणि त्यातून उद्या बार कौन्सिलपर्यंतही जाता येईल, हे रसाळांना आहेरांपेक्षा चांगलं कळत होतं. ते खुर्चीत बसले. हाताने लिहायची सवय मोडली होती, अक्षर वाकडं येत होतं. आहेर चष्मा लावून शेजारी उभे राहिले आणि ओळ संपली की ती वाचत राहिले.

सही झाल्यावर त्यांनी कागद उजेडाकडे धरला, पुढून पाहिला, उलटून मागूनही पाहिला.

"आता त्या पोरीलाही हेच कळवा," ते म्हणाले. "माझ्या नावावर विश्वास ठेवून आली ती."

संध्याकाळी दीपालीच्या अकराव्या मुद्द्यासमोर रसाळांनी आजची तारीख टाकली, आणि त्याखाली लिहिलं की याआधी हा नकाशा मी पाहिलेला नव्हता.