गेट नंबर तीन

परळच्या हॉस्पिटलातून आईला घरी न्यायचं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात वॉकर. वॉर्डातूनच कॅब बोलावली. ॲपने तीन गेटांची यादी दाखवली. मी घाईत पहिलंच दाबलं. मेन गेट म्हटल्यावर अजून काय बघायचं!

खाली आलो, तर गेट एककडे जायला सात पायऱ्या. ड्रायव्हर फोनवर म्हणाला, "मॅडम, मैं पिन पे ही खड़ा हूँ." चूक माझी आणि चिडले मी त्याच्यावर.

आई भिंतीला टेकून म्हणाली, "त्याला कशाला ओरडतेस? तीन नंबरला बोलव. तिथे उतार आहे, गाडी छपराखाली येते."

मी पिन गेट तीनवर सरकवली, ड्रायव्हरलाही सांगितलं. तो बिचारा वळसा घालून आला. आईला सीटवर नीट बसवून मी विचारलं, "तुला गं कसं ठाऊक?"

"तुझे बाबा इथे ॲडमिट होते ना, तेव्हा मी रोज डबा घेऊन यायचे. डबा आणणाऱ्यांना तिथूनच आत सोडायचे."

"मला कधी दिसलं नाही ते गेट."

"तू रविवारी यायचीस," आई म्हणाली. "मेन गेटने."